भाताचं बियाणं आलंय. पिशवी उचलण्याआधी हे वाचा

मंडळी, खरिपाच्या भाताचं बियाणं भायखळ्याच्या दुकानात उतरलं आहे. फोटोत थप्पी दिसतेच आहे. हळव्यात कर्जत-३, कर्जत-७ आणि रत्नागिरी-१, निमगरव्यात जया आणि कर्जत-५, गरव्यात रत्नागिरी-३ आणि खार जमिनीसाठी पनवेल-३. सगळ्या पिशव्या दहा किलोच्या, प्रमाणित, निळ्या टॅगच्या. गोराई, मनोरी, उत्तन, वसई आणि आरेच्या पाड्यांवरून दरवर्षी बियाणं नेणारे बरेच जण "गेल्या वर्षीचंच द्या" म्हणून मोकळे होतात. गेल्या वर्षीचं वाण चांगलं निघालं असेल तर हरकत नाही. पण जमीन कोणती, किती गुंठे आणि रोपवाटिकेला गोडं पाणी आहे का, एवढं कळलं तर आम्हालाही नीट सांगता येतं.

आधी वाण. हळवं भात साधारण ११० ते १२० दिवसांत येतं, निमगरवं १२१ ते १३५ दिवसांत, गरवं त्याच्याही पुढे जातं. मुंबईतून मोसमी पाऊस सरासरीने ८ ऑक्टोबरच्या सुमारास परततो. ही तारीख डोळ्यांसमोर ठेवून मागे मोजायचं. कर्जत-३ सारखं ११५ दिवसांचं भात १० जूनला पेरलं, तर ते ३ ऑक्टोबरला कापणीला येतं. पाऊस ओसरत असतो, उताराच्या जमिनीत पाणी थांबत नाही, काम उरकतं. तेच भात खोलगट खाचरात असेल तर पायाखाली पाणी, वरून एखादी सर आणि आडवं पडलेलं पीक अशी गत होते. लोंबीतच दाणे उगवलेले दिसतात ते यामुळे. याच्या उलट गरवं भात वरकस जमिनीत लावलं, तर दाणा भरायच्या दिवसांत, म्हणजे ऐन ऑक्टोबरात, जमीन भेगाळते आणि निम्मी लोंबी पळिंज राहते. म्हणून वरच्या जमिनीला हळवं, पाणी धरून ठेवणाऱ्या खोल खाचराला गरवं आणि मधल्याला निमगरवं. भाताची चव, पोहे चांगले होतात की नाही, हा विचार त्यानंतरचा.

पेरणीची तारीख कॅलेंडर बघून ठरवणाऱ्यांनी दोन वर्षं आठवावीत. २०२३ मध्ये मुंबईत मोसमी पाऊस २५ जूनला पोचला, २०२५ मध्ये २६ मेलाच. सरासरी तारीख ११ जूनची. लवकर पाऊस आला की सगळ्यांचे हात पेरणीसाठी शिवशिवतात, पण हळव्या भाताची घाई तिथेच अंगाशी येते. २६ मेला पेरलेलं ११५ दिवसांचं भात १८ सप्टेंबरला तयार होतं, म्हणजे भर पावसात कापायचं आणि ओल्या खळ्यात झोडायचं. लवकर पाऊस झाला तर आधी गरवं पेरा आणि हळव्याची पिशवी १० ते १५ जूनपर्यंत बाजूला ठेवा. पाऊस लांबला तर याच्या उलट: गरव्याचा हट्ट सोडून हळव्याकडे वळायचं. जूनच्या तिसऱ्या आठवड्यानंतर गरवं बियाणं मागायला आलात, तर आम्ही एकदा तरी "नका घेऊ" म्हणणारच.

वळवाच्या एका सरीवर पेरू नका हे सगळ्यांना माहीत असतं, तरी दरवर्षी फसगत होतेच. धूळवाफ्यात पेरलेलं बियाणं कोरडं असेपर्यंत सुरक्षित असतं. पूर्ण भिजून वर पाऊस चालू राहिला तरी ते सुरक्षित असतं. मरतं ते मधल्या अवस्थेत: एका सरीने भिजलं, कोंब फुटला आणि पुढे पाच दिवस कडक ऊन पडलं की संपलं. एकदा कोंब फुटून सुकलेलं बी पुन्हा उगवत नाही. म्हणून धूळवाफा करायचा तर एक तर खंडात दोन-तीन वेळा शिंपता येईल एवढं पाणी हाताशी हवं, नाहीतर पाऊस लागून राहीपर्यंत थांबायचं. किनाऱ्यावरच्यांसाठी आणखी एक गोष्ट. मे महिन्यात विहिरीचं पाणी मचूळ झालेलं असतं. ते रोपवाटिकेला देऊ नका आणि बी भिजवायलाही वापरू नका. भात उगवताना खारटपणा बऱ्यापैकी सोसतं, पण दोन-तीन पानांचं रोप झालं की सोसत नाही. त्यामुळे "उगवलं छान आणि मग जळलं" असं दिसतं आणि दोष बियाण्यावर येतो.

आता किती घ्यायचं. लावणीच्या सुधारित वाणाला रोपवाटिकेच्या एका गुंठ्यात चार किलो बी आणि एका गुंठ्याच्या रोपात दहा गुंठ्यांची लावणी, हा हिशोब धरा. म्हणजे एकराला चार गुंठे रोपवाटिका आणि सोळा किलो बी. यापेक्षा दाट टाकलं तर रोपं बारीक, पिवळट आणि उंच होतात, उपटताना तुटतात. बी जास्त टाकून रोप जास्त मिळत नाही, काड्या जास्त मिळतात.

एक उदाहरण पूर्ण मोजून बघू. उत्तनच्या बाजूला कुणाची तीस गुंठे जमीन आहे असं धरा. त्यातली वीस गुंठे गोडी आणि मधली, दहा गुंठे खाडीच्या बांधाजवळची खार. गोड्या वीस गुंठ्यांना निमगरवं जया चालेल: दोन गुंठे रोपवाटिका, आठ किलो बी. दहा किलोच्या पिशवीतलं दोन किलो उरेल. ते लगेच टाकू नका, कोरडं ठेवा. वाफ्यात कुठे खाडे पडले तर आठवड्याभरात तेवढ्या जागेत टाकायला ते कामी येतं. खारीच्या दहा गुंठ्यांना पनवेल-३. एरवी चार किलो लागलं असतं, पण खार जमिनीत एका चुडात दोन-तीन ऐवजी चार-पाच रोपं लावावी लागतात, कारण काही मरणार हे धरूनच चालायचं असतं. म्हणून सहा किलो बी आणि दीड गुंठा रोपवाटिका. उरलेलं चार किलो शेजाऱ्याबरोबर वाटून घ्या. पिशवी फोडून सुटं बी आम्ही देत नाही. तुम्हाला त्रास द्यायचा म्हणून नाही. पिशवी फुटली की टॅग आणि लॉट नंबर एकाकडे राहतो, बी दुसऱ्याकडे जातं आणि पुढे तक्रार करायची वेळ आली तर हातात काहीच उरत नाही.

खारीची रोपवाटिकासुद्धा गोड्या जमिनीतच करायची, खारीत नाही. कारण वर आलंच आहे: कोवळं रोप मीठ सोसत नाही. खाचरात पहिल्या पावसाचं पाणी साठवून उघाडीतून बाहेर सोडायचं, पुन्हा भरायचं, पुन्हा सोडायचं. मीठ वाहून जायला दोन-तीन चांगले पाऊस लागतात. तोवर रोप वाफ्यात जून होऊ द्या. खारीला तीस दिवसांचं रोप चालतं, गोड्या जमिनीत हळव्याला एवढं जून रोप लावणं म्हणजे फुटवे घालवणं. लावणीआधी उघाडीची फळी नीट बसते का आणि बांधाला खेकड्यांची भोकं आहेत का हे अमावास्येच्या भरतीआधी बघून घ्या. एकदा खाडीचं पाणी आत आलं, तर पनवेल-३ असलं म्हणून ते सगळं सोसेल असं समजू नका.

घरचं बियाणं वापरणाऱ्यांना आमच्याकडून पिशवी घ्यायचीच असं नाही. सरळ वाणाचं बी चांगलं ठेवलेलं असेल तर खुशाल वापरा, फक्त आधी उगवण तपासा. यातही लोक क्रम चुकवतात. आधी मिठाच्या पाण्यात बुडवायचं, मग तपासायचं, कारण पोचट दाणे निघून गेल्यावरच खरा आकडा कळतो. नमुन्याला किलोभर बी घ्या. दहा लिटर पाण्यात तीनशे ग्रॅम मीठ पूर्ण विरघळवा, पाणी स्थिर होऊ द्या, बी ओता आणि हाताने ढवळा. वर तरंगेल ते काढून टाका. तळाशी बसलेलं बी साध्या पाण्याने दोन-तीनदा धुऊन सावलीत २४ तास वाळवा. धुणं टाळलं तर अंगाला राहिलेलं मीठच उगवण कमी करतं.

त्यातले शंभर-शंभर दाण्यांचे तीन गट करा. दाणे निवडून घेऊ नका, मुठीत येतील तसे मोजा. ओल्या गोणपाटाच्या तीन तुकड्यांवर रांगेत मांडा, गुंडाळी करा आणि सावलीत ठेवा. गोणपाट ओलं राहिलं पाहिजे, निथळतं नको. आठव्या दिवशी उघडून मोजा. मूळ आणि कोंब दोन्ही धड असतील तेच मोजायचं, नुसता कोंब आलेला किंवा बुरशीने वेढलेला दाणा सोडून द्यायचा. समजा ६६, ६२ आणि ६७ आले. सरासरी ६५. भाताच्या प्रमाणित बियाण्याची उगवण किमान ८० टक्के असावी लागते आणि वरचा चार किलोचा हिशोब त्यावरच आहे. म्हणून वीस गुंठ्यांना लागणाऱ्या आठ किलोला ८० ने गुणायचं आणि ६५ ने भागायचं: जवळपास दहा किलो. साठाच्या खाली आलं तर बी वाढवून भागवू नका, आमचं मत स्पष्ट आहे. उगवण एवढी पडलेल्या लॉटमधली उगवलेली रोपंही कमजोर असतात. उन्हाळी भाताचं मे महिन्यात काढलेलं बी तर आत्ता वापरूच नका, ते सुप्तावस्थेत असतं. बी जिवंत असूनही उगवत नाही आणि तुम्ही विनाकारण मेलेलं समजून बसता.

आता सगळ्यात जास्त होणारी चूक. पिशवीतलं बी गुलाबी किंवा लालसर दिसलं तर त्याला बुरशीनाशक आधीच चोळलेलं आहे. ते मिठाच्या पाण्यात घालायचं नाही. औषध धुऊन जातं, बी उघडं पडतं आणि ते पाणी अंगणात ओतलं तर कोंबड्या-बकऱ्यांना बाधतं. पोचट दाणे कारखान्यातच काढलेले असतात, त्यामुळे मिठाच्या पाण्याची गरजही नसते. पिशवीवर बीजप्रक्रियेबद्दल छापलेलं असतं ते वाचा. हे बी उरलं तरी कांडून खायचं नाही, जनावरांनाही घालायचं नाही. घरचं, पांढरं बी असेल तर मात्र मिठाच्या पाण्यानंतर वाळवून किलोला अडीच ग्रॅम थायरम चोळा. दहा किलोला पंचवीस ग्रॅम. हातमोजे घाला, तोंडाला फडकं बांधा आणि घमेल्यात न चोळता झाकणाच्या डब्यात बी आणि भुकटी घालून डबा हलवा, म्हणजे भुकटी नाकात जात नाही. जिवाणू खत लावणार असाल तर आधी थायरम, मग पेरणीच्या अगदी तोंडावर अझोस्पिरिलम, दहा किलोला २५० ग्रॅम. दोन्ही एकत्र कालवलं तर बुरशीनाशकाजवळ जिवाणू टिकत नाहीत आणि पाकिटाचे पैसे वाया जातात. गुलाबी बियाण्यावर जिवाणू खत चोळण्यापेक्षा लावणीच्या दिवशी रोपांची मुळं त्याच्या पाण्यात बुडवणं बरं.

बियाणं घेऊन पेरणीपर्यंत तीन-चार आठवडे घरी पडून राहतं, आणि मुंबईच्या मे-जूनच्या दमट हवेत तेवढ्यात उगवण खाली येऊ शकते. पिशवी फरशीवर किंवा भिंतीला टेकून ठेवू नका, फळीवर ठेवा. युरिया आणि तणनाशक असलेल्या कोपऱ्यात तर अजिबात नको. पिशवी एकदा उघडली की तोंड घट्ट बांधा. आणि हो, टॅगवर चाचणीची तारीख आणि मुदत असते. दुकानात उभे असतानाच वाचा, आमच्या तोंडाकडे बघू नका.

वाफा कसा करायचा हे बहुतेकांना ठाऊक आहे, म्हणून थोडक्यात. एक मीटर रुंदीचा, आठ ते दहा सेंटिमीटर उंच गादीवाफा, दोन वाफ्यांमध्ये पाणी निघायला चर. गुंठ्याला २५० किलो कुजलेलं शेणखत, पेरताना एक किलो युरिया आणि तीन किलो सिंगल सुपर फॉस्फेट, पंधरा दिवसांनी पुन्हा एक किलो युरिया. बी ओळीत, ओळींत सात-आठ सेंटिमीटर अंतर, एक ते दोन सेंटिमीटर खोल. खूप खोल गेलेलं बी पावसाने बसलेल्या मातीच्या पापडीतून वर येत नाही. राब भाजणाऱ्यांशी वाद घालायचा नाही, तण त्याने मरतं हे खरं. पण पालापाचोळा आणि शेण जाळून जे जातं ते पुन्हा विकत घ्यावं लागतं, आणि वस्तीला लागून शेती असलेल्यांना धुराची तक्रारही ऐकावी लागते.

पाऊस एवढा लागला की धूळवाफा जमलाच नाही, तर बी २४ तास पाण्यात भिजवा, मग ओल्या गोणपाटात दाबून आणखी दीड-दोन दिवस ठेवा आणि मोड दिसताच चिखल करून पाणी काढलेल्या वाफ्यावर फेका. मोड दाण्याच्या लांबीहून वाढू देऊ नका, फेकताना तुटतात. गुलाबी बी भिजवलं तर ते पाणी विहिरीपासून लांब ओता.

उगवण कमी दिसली तर आम्हाला फोन करण्याआधी वाफ्यात जाऊन बोटाने माती उकरा. दोष बियाण्यात असेल तर तो सगळ्या वाफ्यांत सारखा दिसतो, इथेही विरळ आणि तिथेही विरळ. एक वाफा भरगच्च आणि दुसरा रिकामा, किंवा मधेच टक्कल पडलं असेल, तर कारण शेतात आहे. नुसती फोलं सापडली तर मुंग्या किंवा चिमण्या. दाणा मऊ आणि घाण वास येत असेल तर पाणी साचलं. कोंब मातीखालीच वळलेला असेल तर पापडी किंवा खोल पेरणी. दाणा कडक, कोरडा आणि जसाच्या तसा असेल तर एक तर ओल पोचली नाही किंवा बी मेलेलं आहे. मग राखून ठेवलेल्या मूठभर बियाण्याची गोणपाटात चाचणी घ्या, आठ दिवसांत उलगडा होतो. आणि सगळीकडेच विरळ असेल तर वाफा मोडू नका. बिल, पिशवी, टॅग आणि उरलेलं बी घेऊन तालुका कृषी अधिकारी कार्यालयात लेखी तक्रार द्या, पाहणी उभ्या वाफ्याची होते. आमच्या बिलावर वाण, लॉट नंबर आणि मुदत लिहिलेली असते. कोणी न लिहिता देत असेल, आम्ही असू किंवा आणखी कोणी, तर बिल परत करून लिहून मागा.

भाताबरोबर वाडीसाठी दोडक्याचं कोकण हरिता आणि काकडीचं शीतल आलं आहे, बांधावर टोकायला तूरही आहे. वेलांचं बी पाऊस स्थिरावल्यावर उंचवट्यावरच टोका, पाणी साचलं की आधी तेच कुजतं.

दुकान भायखळ्यात, सकाळी साडेनऊ ते संध्याकाळी साडेसात, रविवारी बंद. नंबर फोटोतल्या पाटीवर आहे, त्यावरच व्हॉट्सअ‍ॅप. मेसेज करताना चार गोष्टी लिहा: गाव, किती गुंठे, जमीन वरकस, मधली, खोल की खार, आणि रोपवाटिकेला गोडं पाणी आहे का. एवढं आलं की कोणतं वाण आणि किती पिशव्या ते आम्ही उलट कळवतो. पैसे आधी पाठवू नका, पिशवी आणि टॅग बघून द्या. पिशवीवर छापलेल्या कमाल किमतीपेक्षा एक रुपयाही जास्त द्यायचा नाही. उत्तन-गोराई आणि वसईच्या गावांतून पाच पिशव्या एकत्र मागवल्या तर टेम्पोने पाठवतो, भाडं आधी सांगून. कीड-रोगाबद्दल रात्री अडलं तर किसान कॉल सेंटर १८००-१८०-१५५१ वर सकाळी सहा ते रात्री दहापर्यंत मराठीत विचारता येतं, फोन मोफत आहे. पनवेल-३ च्या पिशव्या बाकीच्या वाणांपेक्षा कमी आल्या आहेत, खारवाल्यांनी आधी कळवा.